बोटभर जागा : एका कवितेमागचे चार दिवस

पहिला दिवस

गाडी रात्री सुटली. तीस वर्षांपूर्वी, 1994 साली, याच मार्गावरून याच वेळेला निघालो होतो. तेव्हा सोबत पत्र्याची हिरवी पेटी आणि एक वळकटी होती, आता पाठीवर मावेल एवढी बॅग. काम काही नाही. घर सोडून कॉलेजला निघालो त्या दिवशीच्या स्वतःला पत्र लिहायचं, तेही कवितेत, असं डोक्यात घेतलं होतं आणि दोन महिने ते जमत नव्हतं. त्याच गाडीत बसलं की जमेल, असं वाटलं. आता लिहिताना हा विचार जरा बावळटच वाटतो, पण तिकीट काढून झालं होतं.

घरी लिहिलेला खर्डा मुक्तछंदात होता. चौसष्ट ओळी. दिवे मालवेपर्यंत तो तीनदा वाचला आणि दर वेळी मधेच कंटाळलो. स्वतःच्याच कवितेचा कंटाळा येतो तेव्हा कारण शोधावं लागतं, म्हणून पेन्सिल घेतली आणि ज्या ओळीचं क्रियापद आज्ञार्थी होतं तिच्यासमोर खूण करत गेलो. घाबरू नकोस. लोकांचं ऐकू नकोस. वेळ जपून वापर. स्वतःवर विश्वास ठेव. एकतीस खुणा झाल्या. निम्मी कविता उपदेशाची होती, आणि तो कुणीही कुणालाही करावा असा. त्यात त्या मुलाचा काही संबंध नव्हता.

या प्रकारच्या कवितेत हा खड्डा ठरलेलाच असतो. लिहिणारा वयानं मोठा, ज्याला लिहायचं तो लहान, आणि वर पत्राचं रूप. मग लेखणी आपोआप वडीलधारी होते. पण उपदेश त्याला उपयोगी पडणार नाही हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? तो ऐकणार नाही. मी ऐकलं नव्हतं.

खुणेच्या ओळी खोडल्या. मग ज्या ओळींत नुसतंच काहीतरी वाटत होतं, हुरहूर, पोकळी, आभाळ, त्याही खोडल्या. नऊ ओळी उरल्या. त्यातल्या सात त्या पेटीबद्दल होत्या. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

पेटीवर बाबांनी निघायच्या दिवशी सकाळी पांढऱ्या ऑइलपेंटनं माझं नाव लिहिलं होतं. नावाखाली वसतिगृहाचं नाव, त्याखाली शहर, आणि सगळ्यात खाली "खोली क्र." त्यापुढे बोटभर जागा त्यांनी मोकळी सोडली, कारण खोली तिथं गेल्यावरच मिळणार होती. ब्रश धुऊन ठेवला, पण बोटांवरचा रंग तसाच राहिला. स्टेशनवर पेटी चढवताना त्यांनी ती कडीला धरली तेव्हा कडीवर अंगठ्याचा पांढरा ठसा उमटला. तो ठसा आजही आहे. बोटभर जागाही आहे. आकडा कधी घातला गेला नाही.

दुसरा दिवस

उजाडल्यावर खिडकीशी बसून नव्यानं सुरुवात केली. या वेळी वृत्तात लिहायचं ठरवलं, म्हणजे बडबड आपोआप कमी होईल. गाडीच्या ठेक्यात पहिली ओळ आली ती भुजंगप्रयातात, लगागा चार वेळा, बारा अक्षरं:

निघालास तू आज सोडून सारे

मोजायला गेलं तर ओळ निर्दोष आहे. तरी दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे भुजंगप्रयात चालत नाही, दौडतो. त्यात काहीही म्हटलं की समोर सैन्य उभं असल्यासारखं वाटतं. प्लॅटफॉर्मवर पेटीवर बसलेल्या, बुटाची नाडी दोनदा सोडून बांधणाऱ्या पोराशी असं बोलता येत नाही.

दुसरी गोष्ट व्याकरणाची. "निघालास" म्हटलं की तो मुलगा आहे हे ठरून गेलं आणि निघणं घडूनही गेलं. मराठीत 'निघणं'सारख्या अकर्मक क्रियापदाचा द्वितीय पुरुषी भूतकाळ लिंग सांगितल्याशिवाय राहत नाही. निघालास नाहीतर निघालीस. भविष्यकाळाला ते लागत नाही. निघशील, रडशील, हसशील, हे मुलालाही चालतं आणि मुलीलाही. पण मला भविष्यकाळ हवा होता तो वेगळ्याच कारणासाठी. पत्र त्या दिवशी वाचलं जाणार आहे. त्या दिवशी गाडी अजून सुटलेली नाही, रंग अजून वाळलेला नाही. पुढचं सगळं त्याच्यासाठी खरोखरच भविष्य आहे, आणि माझ्यासाठी झालेली गोष्ट. "रडू नकोस" म्हटलं की मी त्याचा काका होतो. "रडशील" म्हटलं की मी फक्त जे ठाऊक आहे ते सांगतो. धीरही देत नाही आणि थांबवतही नाही. एका क्रियापदाचं रूप बदललं की दोघांमधलं अंतर एवढं बदलतं, हे मी आधी कधी तपासून पाहिलं नव्हतं.

मग अभंगाकडे वळलो. मोठा अभंग: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात यमक, चौथा मोकळा. इथं लघुगुरू मोजायचे नसतात, नुसती अक्षरं मोजायची. जोडाक्षर एकच धरायचं. माझ्या कामाचा होता तो चौथा चरण. तीन चरण नीट चालतात आणि चौथ्याला पायरी संपते. ज्याला उपदेशाची खोड आहे त्याला असा आखूड चरण बरा, कारण चार अक्षरांत फारसं शहाणपण मावत नाही.

तरी पहिलं कडवं असं आलं:

नको घाबरूस
सारे होई ठीक
जग आहे नीक
जा तू पुढे

मोजून घ्या, अक्षरं बरोबर आहेत. पण "नीक" हा शब्द मी जन्मात कधी बोललेलो नाही. तो केवळ "ठीक"ची सोय म्हणून आला. "होई" आला कारण "होईल" बसत नव्हतं. छंदातली खोटी ओळ ओळखायची माझी पद्धत साधी आहे: तोच शब्द त्या माणसाला समोरासमोर बोलताना तोंडात येईल का? त्या मुलाला मी "जग नीक आहे" म्हणालो असतो तर तो पेटी उचलून डब्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला असता. भरतीचे शब्द म्हणजे रे, बा, तो, ते, हा, मग. तेही असेच तपासावेत. काढल्यावर फक्त मोजणी बिघडत असेल आणि अर्थ तसाच राहत असेल तर तो शब्द कवितेचा नव्हता, खुंटीचा होता.

दुपारी पेटीपाशी गेलो. म्हणजे तिच्या फोटोपाशी. निघण्यापूर्वी माळ्यावर चढून मोबाइलमध्ये घेतला होता. जे दिसतं तेवढंच लिहायचं, असं स्वतःला बजावलं.

हिरव्या पेटीला
पांढरे अक्षर
रंग बोटांवर
ओला आहे

नाव, पत्ता, गाव
नीट रेखलेले
पुढे सोडलेले
बोटभर

"ओला आहे" लिहून झालं आणि मी थांबलो. आधी "ओला होता" लिहिलं होतं; तेही चार अक्षरंच. पण "होता" म्हटलं की आठवण होते. "आहे" म्हटलं की पत्र त्या सकाळी पोचतं. तिथून पुढं एकदम उमगलं: रंग ओला आहे, ब्रश अजून हाताशी आहे, बाबा अजून अंगणात आहेत. आकडा आत्ता कळला तर आत्ता भरता येईल. तीस वर्षांनी मोठा असलेला माणूस त्या मुलाला उपयोगी पडेल असं फक्त एकच सांगू शकतो, खोलीचा नंबर. बाकी सगळं त्याला त्याच्या त्याच्या वेळी कळणारच आहे.

बॅगेत बाबांची पत्रं होती. वीसेक असतील. प्रत्येकाच्या शेवटी, सहीच्या वर, एकच वाक्य: "खोली क्र. कळव." पत्रावर खोली नसल्यामुळे ती वसतिगृहाच्या दाराशी टेबलावर पडून राहायची आणि मला दोन-तीन दिवस उशिरा मिळायची, कधी कुणीतरी चुकून घेऊन जायचा. मी उत्तरं लिहायचो, पण आकडा लिहायचा राहायचा. आधी विसरून, मग इतक्यांदा विसरल्यानंतर आता मुद्दाम काय कळवायचं म्हणून. तिसऱ्या वर्षी पत्रं थांबली. बाबा गेले.

हे कवितेत सांगायचं की नाही यावर संध्याकाळ गेली. एक कडवं लिहून पाहिलं, त्यात सगळं सांगितलं होतं. वाचल्यावर वाटलं, हे मी त्या मुलाला सांगतच नाहीये. वाचणाऱ्याला सांगतोय, त्याचे डोळे भरावेत म्हणून. त्याला त्या सकाळी हे सांगणं क्रूर आहे आणि त्याला करता येण्याजोगं त्यात काही नाही. फाडलं. त्याऐवजी हे:

रडशील रात्री
उशी उलटून
सकाळी उठून
हसशील

शेवटची ओळ
प्रत्येक पत्रात
त्याच अक्षरात
'खोली सांग'

"त्याच अक्षरात" म्हणजे पेटीवरच्या अक्षरात. पत्रं किती वर्षं येतील हे त्यात नाही. ज्याला समजायचं त्याला ते पुढचा चरण नसण्यातून समजेल.

आता शेवटचं कडवं, आणि त्यात आकडा. इथं अडलं ते असं की आकडा मला आठवेना. सत्तावीस की एकोणतीस? जिना चढून उजवीकडे, खिडकीतून पाण्याची टाकी, टाकीला लोखंडी शिडी, हे सगळं लख्ख आठवतं, नंबर नाही. चौथ्या चरणात चार अक्षरं हवीत. स-त्ता-वी-स, बरोबर चार. ए-को-ण-ती-स, पाच. मी सत्तावीस लिहून टाकलं आणि खूप समाधान वाटलं. एवढं समाधान वाटलं म्हणूनच संशय आला. गाडी शहरात शिरत होती.

तिसरा दिवस

वसतिगृह जागेवर आहे. रखवालदाराला काय सांगावं ते कळेना, मग खरं तेच सांगितलं की जुना विद्यार्थी, खोली पाहायचीय. त्यानं वहीत नाव लिहायला लावलं. वहीत एक रकाना होता, "खोली क्र." मी तो मोकळा सोडला आणि स्वतःशीच हसलो.

दारांवरचे नंबर आता बदललेत. धातूच्या नव्या पट्ट्या आहेत, तीन आकडी. उजवीकडच्या बोळात ओळीनं सारखी दारं, आणि मी मधोमध मूर्खासारखा उभा. तिसऱ्या दारातून एक मुलगा टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आला. "काका, कुणाला शोधताय?" म्हणाला. स्वतःलाच, असं म्हणायचा मोह झाला, सुदैवानं आवरला. खिडकीतून पाण्याची टाकी दिसते का, एवढंच विचारलं. तो म्हणाला, "दिसते ना. या आत."

आत दोन पलंग, दोन टेबलं, तारेवर कपडे. खिडकीतून टाकी दिसत होती आणि तिची शिडी वरपासून खालपर्यंत पूर्ण दिसत होती. मी पहिल्या महिन्यात त्या शिडीच्या पायऱ्या मोजायचो. झोप येईना म्हणून रात्री, आणि अभ्यास होईना म्हणून दिवसा. बावीस. आता मोजल्या तर एकवीस भरल्या. खालची एक गळून पडली असावी, टोकं तेवढी भिंतीत दिसत होती.

मग शेजारचं दार, जिन्याच्या बाजूचं. तिथला मुलगा संध्याकाळी येणार होता, म्हणून मी थांबलो. संध्याकाळी त्याच्या खिडकीतूनही टाकी दिसली, पण शिडी जिन्याच्या भिंतीआड अर्धी झाकलेली. त्या खोलीतून सगळ्या पायऱ्या मोजताच येत नाहीत. म्हणजे माझी खोली तिसऱ्या दाराची.

तिचा जुना नंबर काय हे अजून ठरायचं होतं. दार लाकडीच आहे, तेच असावं, पण वर रंगाचे किती थर चढले असतील देव जाणे. पट्टीच्या थोडं वर, डोळ्यांच्या उंचीला, थर जरासा उंचावलेला दिसला. मोबाइलचा दिवा बाजूनं तिरका धरला तेव्हा सावली पडली. जुना आकडा जाड ब्रशनं रंगवलेला असणार. त्याच्या कडा नव्या रंगाखालून उचलून आल्या होत्या. बोट फिरवलं. पहिला आकडा दोन, खाली पाय लांबवलेला. दुसरा वरून गोल. नऊचा पोकळ गोल आणि खाली ओढलेली शेपटी बोटाला स्पष्ट लागली. साताला असा बंद गोल नसतो.

त्या खोलीतला मुलगा दाराशी उभा राहून पाहत होता. "सापडलं?" त्यानं विचारलं. मी हो म्हणालो. मग तो म्हणाला, "इथं येऊन दोन आठवडे झालेत. पहिल्या रात्री मीपण त्या पायऱ्या मोजल्या."

किती भरल्या हे मी विचारलं नाही.

चौथा दिवस

परतीच्या गाडीत दिवसभर पाचव्या अक्षराशी झगडलो. छंद सांगतो सत्तावीस, दार सांगतं एकोणतीस. पुष्कळ वाटा आहेत. आकडा तिसऱ्या चरणात घ्यायचा, तिथं सहा अक्षरांना जागा आहे. पण मग "एकोणतीस"शी यमक शोधायला हवं आणि "कासावीस" दारातच उभं असतं. किंवा "दोनावर नऊ" असं फोडायचं. ते पुन्हा सहा अक्षरं, आणि असं कोण बोलतं? किंवा बोलण्यात "ण"मधला अ गळतो, एकोण्तीस, असं म्हणून चार मोजायची. अभंग गायला जातो तेव्हा गाणारे अक्षरं अशी आवळतात आणि लांबवतात, कुणी हरकत घेत नाही. पण मी गात नव्हतो, कागदावर मोजत होतो. आणि बाकीची प्रत्येक ओळ काटेकोर मोजून इथंच सवलत घ्यायची हे मनाला पटेना.

आकडाच न सांगता चौथा चरण कोरा ठेवावा, पेटीवर आहे तसा, अशीही एक कल्पना आली. दिसायला ती फार सुंदर होती. पण मग मी पुन्हा तेच केलं असतं, त्यांनी विचारायचं आणि मी कळवायचं नाही.

मायना अजून राहिला होता. आधी "ती." लिहिलं, गंमत म्हणून, तो माझ्याआधीचा, म्हणजे तीर्थरूपच. पण पत्राच्या पहिल्याच शब्दात विनोद केला की पुढचं सगळं हातवारे करून सांगितल्यासारखं होतं. "प्रिय" परकं वाटलं. शेवटी "चि." ठेवलं. बाबा लिहायचे तसं.

आणि मायन्यावरून पत्राचा दुसरा भाग आठवला. सही झाल्यावर काही राहिलं असेल तर आपण काय करतो? खाली "ता. क." लिहितो. ताजा कलम मजकुराच्या बाहेर असतो, त्यात अक्षर तिरकं गेलं, ओळ कडेपर्यंत घुसली तरी चालतं, कारण तो घाईत लिहिलेला असतो, पाकीट बंद करता करता. आकड्याची जागा तिथंच होती. चार कडवी मोजूनमापून, मग सही, आणि सहीखाली एक अक्षर जास्त. वाचताना तिथं जीभ अडखळते. मी मुद्दाम मोठ्यानं म्हणून पाहिलं, समोरच्या बाईंनी वर पाहिलं, आणि हो, अडखळते. अडखळू दे.

घरी पोचल्यावर स्वच्छ कागदावर उतरवलं. चार कडवी वर दिली आहेत तशीच, त्यांच्यावर "चि.", त्यांच्याखाली "तुझा मी", आणि मग:

ता. क.

आत्ताच सांग ना
तेवढा आकडा
कोपरा उघडा
एकोणतीस